हात विटाळणारे ग्रंथ

एखादा ग्रंथ पवित्र आहे, हे कोणी व कशावरून ठरवावे? यहुदी धर्मशास्त्र्यांनी या प्रश्नाला विलक्षण रूप दिले होते : हा ग्रंथ हात विटाळतो काय? पवित्र गुंडाळीला स्पर्श झाला की हात अशुद्ध होतात, असा त्यांचा दंडक होता. लोक देवाला वाहिलेले धान्य गुंडाळ्यांशेजारी ठेवीत आणि उंदीर दोन्ही कुरतडीत. ते थांबावे म्हणून हा नियम झाला, असे तालमूद सांगतो.

मोशेचे नियमशास्त्र व संदेष्ट्यांचे ग्रंथ तोवर सर्वमान्य झालेले होते. इ. स. ७० मध्ये यरुशलेमचे मंदिर उद्ध्वस्त झाल्यावर याब्ने येथील शास्त्र्यांत वाद रंगला, तो उरलेल्या काही लेखांविषयी. ‘उपदेशक’ हात विटाळीत नाही, असे शम्मायचे शिष्य म्हणत. हिल्लेलचे शिष्य उलट म्हणत. त्यातील वचने परस्परविरोधी आहेत, हा आक्षेप होता; पण त्याचा आरंभ व शेवट नियमशास्त्राला धरून आहे, या कारणाने तो राहिला. ‘गीतरत्ना’ची बाजू रब्बी अकिबाने हिरिरीने मांडली.

याउलट बेन सिराचा धर्मनिष्ठ ग्रंथ संदेष्ट्यांच्या काळानंतरचा म्हणून यादीबाहेर राहिला. आपल्या ख्रिस्तसभेने तो स्वीकारला आहे.

म्हणजे केवळ सात्त्विक आशय ही कसोटी नव्हती. शंकेखोर ‘उपदेशक’ आत आला, श्रद्धाळू बेन सिरा बाहेर राहिला. संशयाच्या शब्दालाही पवित्र म्हणण्याचे धैर्य त्या शास्त्र्यांनी दाखविले.