आधी वाचायचं, मग रीसेट करायचं

हे सर्व्हिस बुक माझ्यासमोर उघडं आहे. कालच्या पानावर तू लिहिलं आहेस : ‘पॉवर प्रॉब्लेम. मेन ऑफ-ऑन केला. लिफ्ट ओके.’ यातल्या एकाही शब्दावरून मला कळत नाही की लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये का थांबली. आणि जे लिहिलं नाहीस, ते मला वॉचमनकडून कळलं. डोअर सर्किटला वायरचा तुकडा लावून तू लिफ्ट खाली आणलीस. आत दोन माणसं होती. बस इथे. आज दुसरं काही काम करायचं नाही.

पहिली गोष्ट. लिफ्ट थांबली का, हा एक प्रश्न. वीज परत आल्यावरही ती निघाली का नाही, हा दुसरा प्रश्न. तू दोन्हींची मोट बांधून ‘पॉवर प्रॉब्लेम’ लिहून मोकळा झालास. शेजारच्या लिफ्टचा पॅनेल त्याच मशीन रूममध्ये, तुझ्यापासून दोन हातांवर होता. ती लिफ्टही त्याच झटक्यात थांबली होती. वीज सुरळीत झाल्यावर ती आपोआप सावकाश जवळच्या मजल्याला लागली, दार उघडलं, माणसं बाहेर पडली. म्हणजे झटका बाहेरून आला होता हे तिथेच सिद्ध होत होतं. आणि या लिफ्टमध्ये झटक्याखेरीज आणखी काहीतरी बिघडलंय, हेही तिथेच सिद्ध होत होतं. तू मान वळवून पाहिलंही नाहीस.

मी विचारलं तेव्हा तू म्हणालास, “सर, फेज रिलेवर हिरवा दिवा होता, म्हणजे सप्लाय ठीक होता.” तो दिवा आत्ताचं सांगतो रे. तुझ्या पॅनेलमधल्या रिलेला स्मरणशक्ती नाही. तिन्ही फेज आहेत, क्रम बरोबर आहे, व्होल्टेज मर्यादेत आहे, एवढंच तो या क्षणाचं बोलतो. मघाशी तो पडला होता का, हे त्याच्या दिव्यावरून कधीही कळणार नाही, कारण सप्लाय सुधारला की तो ठरलेल्या वेळाने आपोआप उचलतो. म्हणून दिव्याच्या जोडीला त्याची बटणं बघायची. किती टक्के व्होल्टेज उतरल्यावर पडायचं हे एकावर, आणि पडण्याआधी किती वेळ थांबायचं हे दुसऱ्यावर. मी आज जाऊन पाहिलं. विलंबाचं बटण दोन सेकंदांवर आहे. शेजारच्या इमारतींत दिवे नुसते लुकलुकले, असं वॉचमन सांगतो. म्हणजे झटका सेकंदापेक्षाही लहान. त्यात हा रिले पडलाच नसणार. तेच बटण कोणी शून्याजवळ आणून ठेवलं असतं, तर हाच रिले प्रत्येक लुकलुकीला लिफ्ट अडकवत बसला असता आणि आपण महिनाभर ड्राइव्हला दोष देत राहिलो असतो. दोन सेकंद हा आकडा तुझ्या नोंदीत हवा होता.

मग लिफ्ट थांबवली कोणी? हे जाणणारी एकच जागा होती, ड्राइव्हची फॉल्ट मेमरी. आणि तू तिच्यावरच मेन स्विच पुन्हा पुन्हा पाडलास.

हे नीट ऐक, कारण इथे तुझी समजूत चुकलेली आहे. रीसेटने पडद्यावरचा फॉल्ट जातो, मागची यादी जात नाही. ती यादी मात्र लांबीने ठरलेली असते. या ड्राइव्हमध्ये दहा नोंदी राहतात, अकरावी आली की सर्वांत जुनी गळून पडते. मेन स्विच पाडताना ड्राइव्ह चालू अवस्थेत असेल, तर तेही त्याच्या लेखी ‘व्होल्टेज कमी’ असंच असतं आणि तीही नोंद होते. आज मी यादी उघडली तर वरच्या चार ओळींत Uv1, Uv1, Uv1, Uv1. त्यातले तीन तुझ्या हाताचे. खरी नोंद चौथ्या ओळीत दबली होती. तू आणखी सात वेळा स्विच हलवला असतास, तर ती कायमची गेली असती.

तीन तुझ्या आणि एक खरी, हे मी कसं ओळखलं ते विचार. ड्राइव्हला घड्याळ नाही, तो फक्त आपण चालू असल्याचे तास मोजतो. प्रत्येक नोंदीसोबत तो आकडा असतो. काल तू पोचताच आधी त्या वेळचा आकडा लिहून घ्यायला हवा होतास. मग वजाबाकी करून कोणती नोंद केव्हाची ते कळतं. वरच्या तीन नोंदींचा आकडा एकच आहे, ११८४२. चौथीचा ११८४१. रहिवाशांनी फोन केला तेव्हा आणि तू पोचलास तेव्हा, यात तासाभराचं अंतर होतं. जुळतंय?

आता त्या चौथ्या नोंदीच्या आत जा. नुसतं Uv1 वाचून पुस्तक मिटायचं नसतं. फॉल्टच्या क्षणी ड्राइव्ह आपली स्थिती साठवून ठेवतो, तीच खरी साक्ष. ४१५ व्होल्टचा सप्लाय असला की रेक्टिफायरनंतरचा डीसी व्होल्टेज साधारण ५६० ते ५८५ असतो. नोंदीत तो ३७२ आहे. वेग पूर्ण. आणि इनपुट टर्मिनलांच्या ओळीत ‘चालव’ आणि ‘परवानगी’ ही दोन्ही इनपुटं चालू आहेत.

ही शेवटची गोष्ट तुला दिसली असती, तर वायरचा तुकडा खिशातून निघालाच नसता. या पॅनेलमध्ये ड्राइव्हची परवानगी सेफ्टी सर्किटमधून येते आणि डोअर सर्किट त्यातच आहे. फॉल्टच्या क्षणी परवानगी चालू होती, म्हणजे त्या क्षणी सगळी दारं बंद आणि सगळे लॉक लागलेले होते. डोअर सर्किटने लिफ्ट थांबवली नाही. उलट झालं असतं, म्हणजे आधी डोअर सर्किट तुटलं असतं किंवा फेज रिले पडला असता, तर डीसी व्होल्टेज साडेपाचशेच्या घरात दिसला असता आणि परवानगी गेलेली दिसली असती. कोण आधी पडलं हे सांगायला एवढे दोन आकडे पुरतात. (परवानगी थेट कंट्रोलर बोर्डातून येणारी पॅनेलंही असतात. तिथे ड्राइव्हसोबत बोर्डाची एरर यादीही वाचावी लागते. ड्रॉइंग न बघता हा निष्कर्ष दुसरीकडे लावायचा नाही.)

मग वीज आल्यावर ती निघाली का नाही? कारण दरम्यान डोअर सर्किट खरंच तुटलं होतं. लिफ्ट धक्क्याने थांबली, आतली माणसं घाबरली, त्यांनी केबिनचं दार हाताने ओढलं. बोटभर उघडलं असेल. तेवढ्याने केबिनच्या दाराचा कॉन्टॅक्ट सुटला. परत लोटल्यावरही तो धरला नाही. म्हणून ना कंट्रोलरने लिफ्ट हलवली, ना एआरडीने. एआरडी बंद होतं असं तू लिहिणार होतास, वॉचमनने सांगितलं मला. ते बंद नव्हतं. दार उघडं असताना त्याने लिफ्ट हलवायची नसते.

तू मीटर लावलास, हे खरं. सर्किटच्या शेवटच्या टर्मिनलवर ३८ व्होल्ट आले आणि तू ‘व्होल्टेज लो’ असा शेरा मारलास. एकशे दहा व्होल्टच्या सर्किटमध्ये कॉन्टॅक्ट लागलेला असतो किंवा सुटलेला असतो. गंजलेला कॉन्टॅक्ट अर्धवट देईल, पण हा ३८ चा आकडा तो नव्हे. ट्रॅव्हलिंग केबलमध्ये शेजारशेजारच्या वायरी सगळ्या मजल्यांची उंची एकमेकींना चिकटून जातात. सुटलेल्या वायरीवर शेजारणीचा व्होल्टेज चढतो. डिजिटल मीटर करंट जवळजवळ घेतच नाही, म्हणून त्याला तो भुताटकीचा व्होल्टेज खरा वाटतो. कमी इम्पिडन्सची रेंज निवड, नाहीतर टेस्ट लॅम्प लाव. आकडा शून्यावर येतो की नाही बघ. आणि शेवटाला मोजून उपयोग नाही, क्रमाने मोजायचं. सर्किटच्या सुरुवातीला ११०. सगळ्या मजल्यांच्या लॉकनंतर ११०. केबिनच्या कॉन्टॅक्टनंतर शून्य. तीन टर्मिनलं, दोन मिनिटांचं काम, आणि बिघाडाची जागा हातात.

ते न करता तू सुरुवातीच्या टर्मिनलपासून शेवटच्या टर्मिनलपर्यंत वायर लावलीस. काय केलंस कळतंय का? केबिनचा एक कॉन्टॅक्ट नाही, सहाही मजल्यांचे लॉक एकदम निकामी केलेस. तेही नॉर्मल मोडमध्ये. त्या क्षणी वॉचमनने तिसऱ्या मजल्याचं दार किल्लीने उघडून आत डोकावून “घाबरू नका” म्हटलं असतं, तर लिफ्ट त्याच्या मानेवर आली असती. तुझ्या पॅनेलला ते समजायचा कोणताही मार्ग तू ठेवला नव्हतास. आत बोटभर उघड्या दारातून कोणाची बोटं बाहेर असती, तर भिंतीवर घासत गेली असती. काही झालं नाही म्हणून मी हे सोडणार नाही.

आत माणसं असताना काय करायचं ते वहीत आहे, तरी पुन्हा सांगतो. इंटरकॉमवर बोलायचं, दारापासून लांब उभं राहायला सांगायचं. कोणत्याही मजल्याचं दार कोणी उघडलेलं नाही याची खात्री करायची. मेन बंद करून कुलूप लावायचं. मग हाताने ब्रेक थोडा थोडा सोडत, वजनाच्या ओढीने केबिन जवळच्या मजल्यापर्यंत आणायची, वेग वाढू न देता. दार किल्लीने उघडून माणसं बाहेर काढायची, ते दार पुन्हा लॉक झालेलं हाताने ओढून बघायचं. डोअर सर्किटचा शोध त्यानंतर, रिकाम्या लिफ्टवर, इन्स्पेक्शन मोडमध्ये. दाराचा कॉन्टॅक्ट तात्पुरता वगळावाच लागला, तर नव्या पॅनेलमध्ये त्यासाठी वेगळी बायपासची सोय असते. ती लावली की लिफ्ट नॉर्मल मोडमध्ये चालतच नाही, आणि हलताना केबिनवर आवाज होतो, केबिनखाली दिवा लुकलुकतो. खिशातली वायर यातलं काहीच करत नाही.

मी आज त्या केबिनवर चढून कॉन्टॅक्ट पाहिला. दार पूर्ण बंद असताना पूल दोन्ही पट्ट्यांना जेमतेम टेकतो, दाब जवळजवळ नाहीच. पट्टीवर काळा डाग पडला आहे. पूल चांगला आत दाबला जायला हवा, म्हणजे दार थोडं हललं तरी संपर्क राहतो. काल झटका नसता आला, तरी पुढच्या आठवड्यात ही लिफ्ट कधीतरी भर वेगात उगाच थांबली असती आणि तू पुन्हा ‘पॉवर प्रॉब्लेम’ लिहिलं असतंस.

लिफ्ट मी बंद ठेवली आहे, मेनला माझं कुलूप आहे. उद्या सकाळी आठला तू त्या केबिनवर माझ्यासोबत चढणार आहेस. पट्ट्या बदलायच्या, पूल सरकवून दाब बसवायचा, दार आतून ओढून मीटरवर बघायचं. त्याआधी या पानाखाली चौथी नोंद तिच्या सगळ्या आकड्यांसकट लिही, रिलेचा विलंब लिही, आणि वायर लावली होती हेही तुझ्या सहीने लिही. सोसायटीच्या सेक्रेटरींना ते पान तूच दाखवायचं आहेस.