अर्ध्यावर टाकलेले घर

कामतघरात एखादे घर स्लॅबपर्यंत येऊन थांबले, कंत्राटदार निघून गेला, की दोन्ही पक्ष एकच प्रश्न घेऊन आमच्याकडे येतात : झालेल्या कामाचे देणे किती? लॅटिनमध्ये या मागणीस ‘क्वांटम मेरुइट’ म्हणतात. म्हणजे, ‘त्याने जितके कमावले तितके’.

येथे पहिला प्रश्न रकमेचा नसून, करार कोणी मोडला, हा आहे. मालकाने काम बंद पाडले, तर झालेल्या कामाचे वाजवी मोल मागण्याचा मार्ग कंत्राटदारास खुला राहतो. हे सर्वोच्च न्यायालयाने १९७१ साली पूरनलाल शाह खटल्यात मान्य केले. कंत्राटदारच सोडून गेला असेल, तर गोष्ट वेगळी. इंग्लंडमध्ये १८९८ च्या सम्प्टर विरुद्ध हेजेस खटल्यात दोन घरे व तबेला ५६५ पौंडांत बांधून देण्याचा करार होता. ३३३ पौंडांचे काम झाल्यावर पैशांअभावी बांधणारा निघून गेला आणि मालकाने ते काम पुरे केले. उभ्या बांधकामाबद्दल न्यायालयाने त्याला काही दिले नाही. मात्र त्याने मागे ठेवलेले व मालकाने वापरलेले साहित्य, त्याचे मोल दिले. कारण साहित्य वापरावे की परत करावे, ही निवड मालकाच्या हाती होती; स्वतःच्या जमिनीवर उभी राहिलेली भिंत मात्र त्याला नाकारता येत नव्हती.

आता समजा, करार १२ लाखांचा आहे. मालकाने ४ लाख दिले आहेत आणि कंत्राटदार म्हणतो, माझे ७ लाख खर्च झाले. हा खर्च म्हणजे मोल नव्हे. त्यात त्याची उधळपट्टीही असू शकते. करारातील दरांनी पायापासून स्लॅबपर्यंतचे काम ६ लाखांचे ठरले, आणि काम मालकाने थांबवले असेल, तर आणखी २ लाख देणे ही वाजवी मोजणी होय.

कंत्राटदारच पळाला असेल, तर आम्ही दुसरा हिशेब मांडतो. उरलेले काम दुसरा गवंडी ९ लाखांत करतो, तर मालकाला घर १३ लाखांना पडले. १ लाख भरपाई त्यालाच मिळावयास हवी. तेच काम ७॥ लाखांत झाले, तर घर ११॥ लाखांत उभे राहते. हे वाचलेले ५० हजार मालकाने ठेवावेत काय? सम्प्टरचा नियम मालकाला ते ठेवू देतो. आमचे मन मात्र म्हणते : विलंबामुळे पडलेले भाडे वजा करून जे उरेल, ते दुसऱ्याच्या घामाचे आहे. करार मोडणे हा दोष खरा. पण त्या दोषाची किंमत प्रत्यक्ष हानीहून अधिक घेणे, हा दुसरा दोष.

मात्र हे सारे गणित मोजमापावर उभे असते. नवा गवंडी हात लावण्यापूर्वी, दोन्ही पक्ष व एक तटस्थ अभियंता यांनी भिंती, स्लॅब मोजावेत; पडून असलेल्या सळया, सिमेंटच्या गोण्या वेगळ्या मांडाव्यात; कागदावर तिघांच्या सह्या घ्याव्यात. प्लास्टर चढल्यावर कोणाची वीट कोणती, हे कोणालाच सांगता येत नाही. मग न्यायाच्या जागी केवळ आवाजाचा जोर उरतो.