समान गुणांचा निकाल कोणाच्या हाती?

२२ जून २००४ च्या रात्री पोर्तुगालमध्ये युरो स्पर्धेच्या ‘क’ गटातले शेवटचे दोन सामने एकाच वेळी सुरू झाले. एकीकडे स्वीडन आणि डेन्मार्क, दुसरीकडे इटली आणि बल्गेरिया. स्वीडन आणि डेन्मार्कचे प्रत्येकी चार गुण होते आणि इटलीचे दोन. बल्गेरिया दोन्ही सामने हरून बाहेर पडल्यातच जमा होता. इटली जिंकला आणि दुसरा सामना अनिर्णित राहिला, तर तिन्ही संघांचे पाच-पाच गुण होणार होते. पुढे मात्र दोघेच जाणार होते.

असे झाल्यास काय करायचे, हे युरोपीय फुटबॉल महासंघाने आधीच लिहून ठेवले होते. गुण समान असलेल्या संघांचे फक्त आपसातले सामने बाजूला काढायचे आणि त्यांचा एक छोटा तक्ता मांडायचा. त्यात आधी गुण पाहायचे, मग गोलफरक आणि मग केलेले गोल. तेवढ्यानेही निकाल लागला नाही, तरच गटातल्या सगळ्या सामन्यांचा गोलफरक विचारात घ्यायचा. इटलीचा डेन्मार्कशी सामना ०-० आणि स्वीडनशी १-१ असा सुटला होता. म्हणजे छोट्या तक्त्यात इटलीचे दोन गुण, गोलफरक शून्य आणि केलेला गोल एक. त्या रात्री या आकड्यांत काहीच बदलणार नव्हते, कारण बल्गेरियाविरुद्धचा सामना या तक्त्यात धरलाच जात नव्हता.

आता स्वीडन-डेन्मार्क सामन्याची बरोबरी किती गोलांची होते, यावर सगळे ठरणार होते. सामना ०-० सुटला असता तर डेन्मार्कच्या नावावर एकही गोल राहिला नसता आणि इटली पुढे गेला असता. १-१ झाला असता तर डेन्मार्क आणि इटली पुन्हा समान ठरून गोष्ट एकूण गोलफरकावर गेली असती. पण २-२ किंवा त्याहून मोठी बरोबरी झाली, की स्वीडनचे किमान तीन आणि डेन्मार्कचे किमान दोन गोल होत होते. मग इटलीने बल्गेरियाला दहा गोलांनी हरवले असते तरी उपयोग नव्हता. हे गणित सामन्याआधीच इटलीच्या वर्तमानपत्रांत छापून आले होते आणि सामना खरोखरच २-२ असा सुटला. डेन्मार्क २-१ ने पुढे असताना मत्तियास योन्सनने ८९व्या मिनिटाला बरोबरी साधली. तिकडे अंतोनियो कासानोने भरपाई वेळेत गोल करून इटलीला २-१ असा विजय मिळवून दिला. एकही सामना न हरता इटली घरी गेला.

स्वीडन आणि डेन्मार्क यांच्यातल्या संगनमताचा पुरावा कधीच पुढे आला नाही आणि मलाही ते खरे वाटत नाही. ज्यांना बरोबरीच हवी आहे, ते ८९व्या मिनिटापर्यंत हरत बसत नाहीत. माझा आक्षेप खेळाडूंवर नाही, नियमावर आहे. या नियमाने मैदानावरच्या एका संघाच्या शेवटच्या सामन्यातला फरक आधीच निरर्थक करून टाकला. एकूण गोलफरक आधी पाहिला असता तर काय झाले असते? २-२ नंतर डेन्मार्कचा गोलफरक +२ होता. इटलीने बल्गेरियाला तीन गोलांच्या फरकाने हरवले असते, तर तो डेन्मार्कच्या पुढे गेला असता. त्याच बल्गेरियाला स्वीडनने ५-० असे हरवले होते. इटली त्या निकषावरही बाहेरच पडला असता, कारण तो एकाच गोलाने जिंकला. पण ती हार त्याच्या स्वतःच्या खेळातून आली असती, दुसऱ्या मैदानावरच्या गोलफलकातून नव्हे.

बहुतेक वेळा हे दोन्ही निकष एकच उत्तर देतात. २०२०-२१ च्या इंडियन सुपर लीगमध्ये मुंबई सिटी आणि एटीके मोहन बागान यांचे साखळीअखेर चाळीस-चाळीस गुण झाले. मुंबईने मोहन बागानला दोन्ही वेळा हरवले होते आणि तिचा एकूण गोलफरकही सरस होता, त्यामुळे कोणत्याही मार्गाने लीग शील्ड मुंबईकडेच आली असती. वाद उभा राहतो तो उत्तरे वेगळी येतात तेव्हा.

तशी ती स्पेनमध्ये आली. २००६-०७ च्या ला लीगात रेआल माद्रिद आणि बार्सिलोना यांचे ३८ सामन्यांनंतर ७६-७६ गुण झाले. बार्सिलोनाचा गोलफरक +४५ होता, रेआलचा +२६. तरी विजेतेपद रेआलला मिळाले, कारण आपसातल्या दोन सामन्यांपैकी एक रेआलने २-० असा जिंकला होता आणि दुसरा ३-३ असा सुटला होता. ज्याने प्रतिस्पर्ध्याला समोरासमोर हरवले तो श्रेष्ठ, हे म्हणणे मनाला चटकन पटते. दुबळ्या संघांवर पाच-सहा गोल चढवून मिळालेल्या बढाईपेक्षा तो विजय मोठा वाटतो, आणि त्यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. हंगामाच्या शेवटी खालचे संघ हातपाय गाळून खेळतात आणि त्याचा फायदा सगळ्यांना सारखा मिळत नाही.

तरीही मला हा निकष साखळी स्पर्धेच्या मूळ कल्पनेशी विसंगत वाटतो. साखळीत प्रत्येक संघ बाकीच्या प्रत्येकाशी तितकेच सामने खेळतो आणि प्रत्येक सामन्याचे मोल सारखे असते. ज्याला समोरासमोरचा निकाल हवा, त्याच्यासाठी बाद फेरी आहे. त्या दोन सामन्यांचे गुण ७६ मध्ये आधीच धरलेले होते. मग तेच सामने निर्णयासाठी दुसऱ्यांदा मोजायचे आणि उरलेले ३६ सोडून द्यायचे, हे कशासाठी? रेआलने बार्सिलोनाकडून गुण जास्त घेतले, पण तेवढेच गुण त्याने इतरांविरुद्ध बार्सिलोनापेक्षा जास्त गमावलेही होते. नाहीतर बेरीज सारखी झालीच नसती.

एकूण गोलफरकाने सगळे सुटते असे मात्र नाही. १९८२ च्या विश्वचषकात खिखोन इथे पश्चिम जर्मनीने ऑस्ट्रियाला १-० असे हरवले. सुरुवातीलाच तो गोल झाल्यावर उरलेला बहुतेक वेळ दोन्ही संघ चेंडू आपल्याच अर्ध्यात फिरवत राहिले. जर्मनी एक किंवा दोन गोलांनी जिंकला तर दोघेही पुढे जाणार होते आणि अल्जीरिया बाहेर पडणार होता. तिथे निकष गोलफरकाचाच होता. पण अल्जीरियाचा शेवटचा सामना आदल्या दिवशीच संपला होता, म्हणून या दोघांना नेमका आकडा ठाऊक होता आणि अल्जीरियाला करण्यासारखे काही उरले नव्हते. त्यानंतर गटातले शेवटचे सामने एकाच वेळी खेळवण्याची पद्धत आली. तिचा खरा उपयोग एकूण गोलफरकाबरोबरच होतो, कारण तेव्हा दुसऱ्या मैदानावरचा प्रत्येक गोल लक्ष्य हलवू शकतो. आपसातल्या सामन्यांचा निकष लावला की सामने एकाच वेळी होऊनही २-२ हा आकडा जागचा हलत नाही.

युरोपीय महासंघाने पुढेही हाच निकष ठेवला. २०१२ च्या युरोत इटलीचे स्पेन आणि क्रोएशियाशी दोन्ही सामने १-१ असे सुटले आणि शेवटच्या दिवशी स्पेन-क्रोएशिया यांच्यात २-२ झाले तर इटली पुन्हा बाहेर, असे तेच गणित समोर आले. या वेळी ८८व्या मिनिटाला हेसूस नावासने गोल केला, स्पेन १-० असा जिंकला, आणि आयर्लंडला २-० असे हरवणारा इटली पुढे गेला. पुढे तो अंतिम सामन्यापर्यंत पोचला. नियम तसाच राहिला.