वजा करून उरलेला निळा

पाटबंधाऱ्याच्या नोकरीत एक प्रश्न सतत समोर यायचा: धरणाखाली झिरपणारं पाणी जलाशयाचं की डोंगराचं? जलाशयाची पातळी उतरू द्यायची आणि झिरपा मोजत राहायचा. पातळीबरोबर तोही उतरला, तर संशय जलाशयावर. संशयित कारण कमी करून पाहण्याची ही रीत मला रामनांच्या कामात फार स्पष्ट दिसते. म्हणून विज्ञान दिनाला शाळेत बोलावलं, तेव्हा मुलांना तीच सांगितली.

समुद्राचा निळा म्हणजे आकाशाचं प्रतिबिंब, असं लॉर्ड रॅले यांचं मत होतं. १९२१च्या सप्टेंबरात विलायतेहून परतताना रामनांनी ते बोटीवरच तपासलं. पाण्याच्या पृष्ठावरून, उभ्या रेषेशी सुमारे ५३ अंशांचा कोन करून परतणारा प्रकाश एकाच दिशेत कंप पावतो. निकोल लोलक योग्य दिशेला फिरवला की तो अडतो. रामनांनी असं प्रतिबिंब काढून टाकलं, तर निळा फिका होण्याऐवजी आणखी खुलला! 'नेचर'ला पाठवलेल्या पत्रावर मुंबई बंदराचा पत्ता आहे. हा निळा पाण्याच्या रेणूंनी विखुरलेल्या प्रकाशाचा, असा त्यांचा निष्कर्ष होता. तोही अपुराच होता, कारण पाणी लाल प्रकाश शोषतं, हे त्या निळ्याचं मोठं कारण आहे.

पण विखुरण्याचा शोध कलकत्त्यात सुरू राहिला. १९२३ मध्ये रामनांचे सहकारी रामनाथन यांना पाण्यातून मूळ रंगाहून वेगळा, अतिशय मंद प्रकाश दिसला. अशुद्धीची चमक असेल, असं वाटून पाणी पुन्हा पुन्हा शुद्ध केलं, तरी तो जाईना. मला हा टप्पा सगळ्यात मोलाचा वाटतो. नकोसा अवशेष 'नगण्य' म्हणून सोडून देणं किती सोपं होतं! पुढे या प्रकाशाचं ध्रुवीकरण दिसलं, तेव्हा ही साधी चमक नव्हे, हे पटू लागलं. २८ फेब्रुवारी १९२८ला रामन आणि त्यांचे सहकारी कृष्णन यांना वर्णपटात मूळ रंगापासून अलग पडलेला प्रकाश दिसला. रेणू प्रकाशाशी ऊर्जेची देवघेव करतात, म्हणून त्याचा रंग बदलतो.

मग पोलरॉइड चष्मा देऊन मुलांना पाण्याच्या पातेल्याकडे तिरकं बघायला लावलं. काच फिरवली की चकाकी जाते आणि तळ दिसतो. एका मुलीने विचारलं, ''आजोबा, आमच्या विहिरीचं पाणी हिरवं दिसतं, ते कशामुळे?'' मी म्हटलं, ''आधी चष्म्यातून बघ. चकाकी जाऊनही हिरवं राहिलं, तर बाटलीभर पाणी गाळण-कागदातून गाळ, आणि दोन्ही पाणी पांढऱ्या कागदासमोर धर. हिरवेपणा गाळण-कागदावर अडकला, तर शेवाळ असेल. गाळलेल्या पाण्यातही राहिला, तर मला कळव, पुढे काय वजा करायचं ते मिळून ठरवू.''