लेख कोणाचा, जबाब कोणाचा?

डिसेंबर २०२२ मध्ये मेडआर्काइव्ह या संकेतस्थळावर एका वैद्यकीय शोधनिबंधाचा मसुदा झळकला. डॉक्टरकीच्या परवान्यासाठी अमेरिकेत द्यावी लागणारी परीक्षा चॅटजीपीटीला कितपत जमते, हा त्याचा विषय. लेखकांच्या यादीत तिसरे नाव खुद्द चॅटजीपीटीचे होते. म्हणजे परीक्षार्थीच परीक्षकांच्या पंक्तीला बसला होता. पुढे फेब्रुवारी २०२३ मध्ये हाच निबंध 'प्लॉस डिजिटल हेल्थ'मध्ये छापून आला, तेव्हा ते नाव गळालेले होते. परिचारिका शिक्षणाला वाहिलेल्या एका नियतकालिकानेही संपादकीयाचा सहलेखक म्हणून छापलेले चॅटजीपीटीचे नाव शुद्धिपत्रक काढून वगळले. जानेवारीत 'नेचर' आणि 'सायन्स'ने आणि फेब्रुवारीत प्रकाशन-नीतीवर काम करणाऱ्या 'कोप' या आंतरराष्ट्रीय समितीने एकच निर्वाळा दिला: असे साधन लेखक होऊ शकत नाही.

एरवी एक निबंध तपासायला सहा-सहा महिने घेणाऱ्या संपादकांनी हा निकाल काही आठवड्यांत दिला. ते शक्य झाले, कारण लेखक कोणाला म्हणायचे हा वाद त्यांनी त्याआधीची चाळीस वर्षे माणसांच्याच बाबतीत घातला होता.

लेखकाच्या नावाकडे पूर्वी किती सैलपणे पाहिले जाई, याचा एक नमुना १९७५ सालचा आहे. जॅक हेदरिंग्टन या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाने एकट्याने निबंध लिहिला, पण सवयीने सगळीकडे 'आम्ही' असे लिहून ठेवले. एकट्या लेखकाचे 'आम्ही' नियतकालिकाला चालणार नाही, असे सहकाऱ्याने सांगितले. टंकलेखन यंत्राचा तो काळ. सगळे पुन्हा टंकित करण्यापेक्षा हेदरिंग्टन यांनी आपल्या मांजराला 'एफ. डी. सी. विलार्ड' असे भारदस्त नाव देऊन सहलेखक केले. 'फिजिकल रिव्ह्यू लेटर्स'ने निबंध छापला. निबंधातले भौतिकशास्त्र खरे होते, त्यामुळे यावर लोक हसले आणि विषय संपला.

ऐंशीच्या दशकात मात्र हसण्यावारी नेता येणार नाही अशी प्रकरणे निघाली. हार्वर्डमधले हृदयविकार संशोधक जॉन डार्सी यांनी बनावट आकडे वापरल्याचे १९८१ मध्ये उघड झाले. त्यांच्या निबंधांवर इतरांचीही नावे होती. श्रेय सगळ्यांनी वाटून घेतले होते, पण मूळ आकडे कोणी पाहिले असे विचारल्यावर समाधानकारक उत्तर मिळेना. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने १९८५ मध्ये लेखकपणाच्या अटी घालून दिल्या. संशोधनाच्या आखणीत किंवा विश्लेषणात भरीव वाटा हवा, लेखनात किंवा त्याच्या फेरतपासणीत सहभाग हवा आणि अंतिम मसुद्याला संमती हवी. २०१३ मध्ये चौथी अट आली: निबंधाच्या कोणत्याही भागाबद्दल शंका निघाली, तर तिची तड लावण्याची जबाबदारी लेखकाने पत्करली पाहिजे.

यंत्राचे नाव अडते ते या शेवटच्या दोन अटींपाशी. पहिल्या दोन अटींवर वाद घालता येईल. यंत्राने विश्लेषणाला मदत केली आणि परिच्छेदच्या परिच्छेद लिहिले, असे कोणी म्हणू शकेल. पण अंतिम मसुद्याला संमती देणारे कोणी त्याच्या आत नाही. हितसंबंध जाहीर करायला किंवा प्रकाशन हक्काच्या करारावर सही करायला कोणी नाही. दोन वर्षांनी वाचकाने चूक दाखवली, तर संपादकाच्या पत्राला उत्तर द्यायलाही कोणी नाही. म्हणूनच मे २०२३ मध्ये संपादकांच्या समितीने आपल्या शिफारशींत यंत्राचा उल्लेख केला, तेव्हा नवे तत्त्व शोधावे लागले नाही. अचूकपणा, सचोटी आणि अस्सलपणा यांची जबाबदारी घेता येत नाही म्हणून लेखकपणा नाही, इतकेच कारण पुरले.

आपला कायदाही वेगळ्या वाटेने याच ठिकाणी पोचतो. भारतीय प्रताधिकार कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने एक कलम आले. संगणकाने निर्माण केलेल्या साहित्यकृतीचा लेखक म्हणजे ती कृती घडवून आणणारी व्यक्ती, असे ते सांगते. भाषेची आजची साधने तेव्हा कोणाच्या ध्यानीमनीही नव्हती.

संपादकांच्या समितीचा आणखी एक नियम जुनाच आहे. भाषा सुधारणारा, मुद्रितशोधन करणारा माणूसही तेवढ्या कामावर लेखक ठरत नाही. प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकाचा निबंध इंग्रजीच्या सहकाऱ्याने रात्रभर बसून सुधारला, तरी त्याची जागा ऋणनिर्देशात. तिथेही त्याची लेखी परवानगी घ्यावी असे समिती सुचवते, कारण नाव छापले की निबंधातल्या मतांना त्याची मान्यता आहे असा वाचकाचा समज होऊ शकतो. यंत्र अशी परवानगीही देऊ शकत नाही. त्यामुळे त्याचे आभार मानण्यात अर्थ नाही, वापर जाहीर करावा. 'प्रकटन' म्हणतात ते हेच.

हे प्रकटन कसे करावे हा प्रश्न मुंबई-पुण्यापेक्षा यवतमाळ जिल्ह्यातल्या केळापूरसारख्या तालुक्यात अधिक टोकदार होतो. समजा, तिथल्या पांढरकवड्याच्या एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवणारे सहायक प्राध्यापक आहेत. शिक्षण मराठी माध्यमातून झालेले. पदोन्नतीसाठी शोधनिबंध हवेत आणि तेही बहुतेक इंग्रजीत. त्यांनी तालुक्यातल्या कपाशीच्या शेतांत कामगंध सापळे लावून गुलाबी बोंडअळीचे पतंग मोजले. काम अस्सल, नोंदवह्या चोख. इंग्रजी मात्र अडखळते. म्हणून त्यांनी मसुदा चॅटजीपीटीला दिला आणि 'भाषा सुधारून दे' असे सांगितले.

मूळ मसुद्यात फवारणीचा निर्णय घेण्याची आर्थिक नुकसानीची पातळी लिहिलेली होती: सलग तीन रात्री, दर सापळ्यात, दर रात्री आठ पतंग. सुधारलेल्या वाक्याचा अर्थ झाला, 'तीन रात्रींत दर सापळ्यात आठ पतंग'. वाक्य आधीपेक्षा सफाईदार होते, व्याकरण निर्दोष होते. पण चोवीस पतंगांची पातळी आठावर आली. ती वाचून कोणी सल्ला दिला, तर शेतकरी गरज नसताना फवारणी करील. ज्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या हंगामात फवारणीतून विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, तिथे या चुकीला केवळ भाषेची चूक म्हणता येणार नाही.

अशा चुका ठराविक जागी होतात, म्हणून पकडता येतात. आकडा आणि त्याचे एकक असलेले प्रत्येक वाक्य मूळ मसुद्याशी ताडून पाहावे. 'आढळले' याचे 'सिद्ध झाले' आणि 'संबंध दिसतो' याचे 'त्यामुळे घडते' झाले आहे का, ते पाहावे. साधनाने एखादा संदर्भ सुचवला असेल, तर तो निबंध प्रत्यक्ष उघडून वाचल्याखेरीज यादीत घालू नये. नाव, साल, नियतकालिक सगळे खरे वाटावे आणि निबंधच अस्तित्वात नसावा, असे घडते. हे तपासणारा फक्त प्राध्यापकच असू शकतो, कारण शेतात तो गेला होता. साधनाला लेखक का म्हणायचे नाही, याचे उत्तर या ताडून पाहण्यातच आहे.

आता हे जाहीर कुठे करायचे? संपादकांच्या समितीचे म्हणणे असे की, निबंध पाठवतानाच सोबतच्या पत्रात आणि निबंधातही सांगावे. लेखनाला मदत घेतली असेल तर ऋणनिर्देशाच्या भागात, माहिती गोळा करायला, विश्लेषणाला किंवा आकृत्यांना घेतली असेल तर संशोधनपद्धतीत. एल्सेव्हिअर संदर्भसूचीच्या आधी स्वतंत्र निवेदन मागते, मात्र साध्या शुद्धलेखन तपासणीसाठी ते लागत नाही. स्प्रिंगर नेचर भाषेच्या निव्वळ डागडुजीला सूट देते. 'सायन्स'ने जानेवारी २०२३ मध्ये अशा मजकुराला सरसकट बंदी घातली होती. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ती सैल करून वापर जाहीर करण्याची अट ठेवली. लेखकपणाबाबत सगळ्यांचे एकमत आहे. किती मदत सांगण्याजोगी, याबाबत नाही.

ही संदिग्धता छोट्या गावातल्या लेखकाला भोवते. 'मदत घेतली' असे लिहिले तर निबंधच यंत्राने लिहिला असे समजतील, ही त्याची भीती निराधार नाही. यंत्राचा मजकूर ओळखण्याचा दावा करणाऱ्या साधनांची स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२३ मध्ये परीक्षा घेतली. इंग्रजी मातृभाषा नसलेल्या विद्यार्थ्यांनी स्वतः लिहिलेल्या निबंधांपैकी सरासरी निम्म्याहून अधिक या साधनांनी यंत्राचे ठरवले. मोजके शब्द आणि साधी वाक्यरचना हाच त्यांच्या लेखी पुरावा. म्हणजे मदत न घेणारा मराठी माणूसही संशयित, आणि घेतल्याचे प्रामाणिकपणे सांगणाराही.

उलट लपवणारा सुटतो, तो निष्काळजी असेल तरच सापडतो. मार्च २०२४ मध्ये 'सर्फेसेस अँड इंटरफेसेस'मधल्या बॅटरीविषयक निबंधाची प्रस्तावना 'जरूर, तुमच्या विषयासाठी ही एक संभाव्य प्रस्तावना' अशा आशयाच्या वाक्याने सुरू झालेली लोकांना दिसली. लेखक, परीक्षक आणि संपादक या सगळ्यांच्या नजरेखालून ते पहिले वाक्य गेले होते. निबंध नंतर मागे घेतला गेला. प्रकटनाचा नियम चोराला पकडत नाही, ही त्याची मर्यादा मान्य करावी लागते. त्याचा उपयोग वेगळा आहे. कोणते काम कोणी केले, हे वाचकाला कळते आणि चूक निघाल्यास कुठे शोधायचे ते ठरते.

म्हणून प्रकटन मोघम असू नये. 'कृत्रिम बुद्धिमत्तेची मदत घेतली' या वाक्यातून काहीच कळत नाही. पांढरकवड्याच्या त्या प्राध्यापकांनी असे लिहावे: "शेतातील नोंदी, विश्लेषण आणि पहिला मसुदा लेखकाचा आहे. प्रस्तावना आणि चर्चा या भागांची इंग्रजी भाषा सुधारण्यासाठी चॅटजीपीटीचा (आवृत्ती आणि महिना नमूद करून) वापर केला. सुधारित मजकुरातील सर्व आकडे व संदर्भ लेखकाने मूळ नोंदींशी ताडून पाहिले असून संपूर्ण मजकुराची जबाबदारी लेखकाची आहे." यात कमीपणा येण्याजोगे काही नाही, आणि संशय घेणाऱ्याला हवे ते सगळे आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगाने पुण्याहून चालणारी 'केअर' यादी २०२५ मध्ये बंद केली, तेव्हापासून नियतकालिकाची पारख महाविद्यालयांवर आणि लेखकांवर आली आहे. ती करताना नियतकालिकाचा प्रकटनाचा नियम आधी वाचावा. नियमच नसेल, तर तिथे निबंध पाठवण्यापूर्वी दोनदा विचार करावा. मार्गदर्शकांनी विद्यार्थ्यांकडे प्रकटन मागावे आणि ते दिल्याबद्दल त्यांना पाण्यात पाहू नये. लेखकांनी आपला अडखळत्या इंग्रजीतला पहिला मसुदा तारखेसह जपून ठेवावा. शंका निघाली तर तोच पुरावा म्हणून दाखवता येईल.