गोऱ्हा की कालवड

पहाटे गाय व्याली की गोठ्यात पहिला प्रश्न ठरलेला. गोऱ्हा झाला की कालवड?

लातूरकडची देवणी असो की नांदेडची लाल कंधारी, उत्तर जवळजवळ निम्मं-निम्मं येतं. याचं मला नेहमी नवल वाटतं. साऱ्या गावाच्या गाईंना एखादा वळू पुरतो. मग निसर्ग इतके गोऱ्हे कशाला जन्माला घालतो?

रोनाल्ड फिशर यांनी 1930 साली याचं उत्तर आपल्या पुस्तकात मांडलं. ते फार साधं आहे. प्रत्येक वासराला एक आई असते आणि एक बाप असतो.

माणसाचा हात नसलेला एक कळप डोळ्यांपुढे आणा. त्यात दहा बैल आहेत आणि चाळीस गाई. पुढच्या पिढीत चाळीस वासरं झाली. प्रत्येक गाईच्या वाट्याला सरासरी एक वासरू आलं, प्रत्येक बैलाच्या वाट्याला चार. एखादा बैल दहांचा बाप होईल, एखादा कुणाचाच नाही. सरासरी मात्र चारच. अशा कळपात जिला गोऱ्हे जास्त होतात, तिला नातवंडं जास्त मिळतात. गोऱ्हे होण्याचा कल वारशाने येत असेल, तर तो पसरत जातो. गोऱ्हे वाढतात आणि त्यांचा फायदा ओसरतो. उद्या गाई कमी पडल्या, तर हाच हिशेब कालवडींच्या बाजूने फिरतो. जे दुर्मीळ, त्याचं पारडं जड. म्हणून तराजू मध्यावर येऊन थांबतो. कळपाच्या भल्याचा विचार इथे कुणीच केलेला नसतो.

फिशर यांचा हिशेब खरं तर डोक्यांचा नाही, आईबापांनी वेचलेल्या कष्टांचा आहे. एक नर वाढवायला मादीच्या दुप्पट खर्च लागत असेल, तर एका नरामागे दोन माद्या होतील. दोन्हीकडे लागलेली शक्ती सारखीच राहील.

माणसांत निसर्गतः हजार मुलग्यांमागे साधारण साडेनऊशे मुली जन्मतात. बालपणी मुलगे थोडे अधिक दगावतात, त्यामुळे पुढे अंतर भरून निघतं. 2001 च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे 913 मुली होत्या. 2011 मध्ये 894 उरल्या.

आता मुली दुर्मीळ झाल्यात, म्हणजे तराजू आपोआप सावरेल, असं कुणाला वाटेल. तसं होणार नाही. तो सावरतो वारशाने आलेल्या कलामुळे, आणि तेही कित्येक पिढ्यांनी. सोनोग्राफीच्या खोलीत घेतलेला निर्णय रक्तातून पुढे जात नाही. गर्भलिंग तपासणीला आळा घालणारा कायदा महाराष्ट्राने देशात सर्वांत आधी, 1988 साली केला. ही दरी माणसाने पाडली आहे, आणि ती माणसालाच बुजवावी लागेल.