राजाचे शेवटचे घर

पट आज समोर नको, मनातच मांडू. स्पर्धेत ज्या सोंगटीला हात लागतो ती खेळावीच लागते, म्हणून खरा खेळ आधी डोक्यात होतो. चेन्नईचे प्रशिक्षक आर. बी. रमेश यांचे २०२२ साली आलेले अख्खे पुस्तक या मनातल्या आकडेमोडीवर आहे. आपण एकच स्थिती घेऊ आणि घाई न करता तिच्यात राहू.

पांढरा आपल्या बाजूला आहे. काळ्याचा राजा जी ८ वर किल्लेकोट करून बसला आहे. त्याच्यासमोर जी ७ आणि एच ७ वर त्याची दोन प्यादी आहेत. एफ ७ चे प्यादे कधीच गेले. हत्ती ए ८ या कोपऱ्यात आहे आणि तिथपासून राजापर्यंतची सगळी घरे मोकळी आहेत. काळ्याचा वजीर लांब, बी २ वर, एक प्यादे खायला गेला आहे. आपला वजीर सी ४ वर, घोडा जी ५ वर. हे सगळे नीट दिसेपर्यंत थांबा. विशेषतः सी ४ पासून जी ८ पर्यंत जाणारी तिरकी रेघ पाहा: डी ५, ई ६, एफ ७. तिच्यावर एकही सोंगटी नाही, म्हणजेच राजाला आत्ताच शह आहे, आणि काळ्याला चाल करायची आहे.

शहाच्या वाटेत आडवे घालायला काळ्याकडे काही नाही. राजा एफ ८ ला गेला तर आपला वजीर एफ ७ वर येतो, मागून घोड्याचा आधार असतो आणि तिथेच मात. म्हणून राजा एच ८ च्या कोपऱ्यात सरकतो. आता घोडा एफ ७ वर शह देतो. घोड्याने वजिराची रेघ अडवल्यामुळे जी ८ क्षणभर सुरक्षित होते आणि राजा तिथे परत येतो. त्याला दुसरी जागाच नाही.

इथे जरा रेंगाळू. घोडा एफ ७ वरून एच ६ वर उडी मारतो. उडी मारताच वजिराची रेघ मोकळी होते, आणि घोडाही तिथून शह देतो. हा दुहेरी शह. काळ्याच्या जी ७ च्या प्याद्याला घोडा मारता येईलसे वाटते, पण तो मारला तरी वजिराचा शह तसाच राहतो, म्हणून ती चाल नियमातच बसत नाही. दोन शह एकाच चालीने थोपवता येत नाहीत; राजाला स्वतःच हलावे लागते. एफ ८ ला गेला तर पुन्हा एफ ७ वर वजिराची मात. तो एच ८ ला जातो.

आता विचारा, घोडा परत एफ ७ ला नेला तर? राजा परत जी ८ ला येईल. पुन्हा एच ६, पुन्हा एच ८. असे खेळत राहिलो तर तीच स्थिती तीनदा येते आणि डाव बरोबरीत सुटतो. राजाला श्वास घ्यायला एकच घर उरले आहे, जी ८. ते बुजवायला आपल्याकडे सोंगटी नाही. ते काळ्याकडूनच बुजवून घ्यायचे.

म्हणून वजीर सी ४ वरून थेट जी ८ वर, राजाच्या अगदी शेजारी जाऊन बसतो. राजा त्याला मारू शकत नाही, कारण एच ६ वरच्या घोड्याचा जी ८ वर डोळा आहे. राजाला सरकायला जागा नाही. वजिराला मारू शकणारा एकच आहे, कोपऱ्यातला हत्ती, आणि त्याला मारावेच लागते. तो आठव्या ओळीतून धावत येतो, वजीर उचलतो आणि जी ८ वर उभा राहतो. आपल्याकडे एक घोडा उरला. काळ्याकडे वजीर आणि हत्ती दोन्ही. घोडा एफ ७ वर येतो. शह. जी ८ वर स्वतःचा हत्ती, जी ७ आणि एच ७ वर स्वतःची प्यादी. राजा आपल्याच माणसांत कोंडला. बुद्धिबळाच्या जगात याला स्मदर्ड मेट म्हणतात.

वजिराच्या बलिदानाने डोळे दिपतात आणि खरी मेख नजरेतून सुटते. मेख हत्तीत आहे. हत्ती सरळ चालतो. जी ८ वर उभा असताना तिरके असलेले एफ ७ हे घर त्याच्या टप्प्यात येत नाही. आता स्थितीत एकच बदल करा. काळ्याचा वजीर बी २ ऐवजी बी ८ वर, हत्तीच्या पुढ्यात ठेवा. सुरुवातीच्या चाली जशाच्या तशा होतात. दुहेरी शह होतो, राजा कोपऱ्यात जातो. आपण जोशात वजीर जी ८ वर टाकतो आणि या वेळी त्याला काळ्याचा वजीर मारतो. जी ८ वरचा वजीर एफ ७ ला तिरका पाहतो. घोडा तिथे गेला की मारला जाईल. बलिदान फुकट गेले. म्हणून वजीर देण्याआधी दोन गोष्टी बघायच्या: जी ८ वर कोण मारणार, आणि तिथून त्याला एफ ७ दिसते का? हत्तीला दिसत नाही, घोड्यालाही नाही. वजिराला आणि उंटाला दिसते. शिवाय एफ ७ वर दुसऱ्या कुणाचा पहारा नको. हत्ती ए ७ वर असता आणि सातवी ओळ मोकळी असती, तर एफ ७ वर आलेला पहिलाच घोडा त्याने मारला असता.

हा नमुना फार जुना. लुसेनाचे पुस्तक १४९७ साली स्पेनमधल्या सालामान्का इथे छापले गेले, त्यात तो आहे. तरी नाव पडले अठराव्या शतकातल्या फिलिदोरचे. लुसेनाच्या काळातच युरोपात वजिराची चाल बदलत होती. जुना वजीर तिरके एकच घर चालायचा. सी ४ वरून जी ८ वर शह देणे त्याला शक्य नव्हते. लांब पल्ल्याचा वजीर मिळाला आणि लगेच तो असा देऊन टाकण्यातली गंमतही कुणाला तरी सापडली, याचे मला फार अप्रूप वाटते.

चेन्नईत बुद्धिबळाचे एक घर बलिदानांसाठी गाजलेल्या खेळाडूच्या नावाने निघाले होते. १९६१ साली भारताचे पहिले इंटरनॅशनल मास्टर झालेल्या मॅन्युएल आरोन यांनी १९७२ साली तिथल्या सोव्हिएत सांस्कृतिक केंद्रात ताल चेस क्लब सुरू केला. मिखाईल ताल १९६० साली जगज्जेता झाला होता. शाळकरी विश्वनाथन आनंद या क्लबात झटपट डाव खेळत असे. तिथे जिंकणारा पटावर बसून राहायचा आणि हरणारा उठून रांगेत जायचा. अशा डावात विचाराला वेळ मिळत नाही. एफ ७, एच ६, जी ८ ही घरे आधीच मनात रुजलेली असावी लागतात, आणि तरीही जी ८ वर कोण मारणार हे त्या क्षणी पाहावेच लागते.

आता बी ८ वरच्या वजिराच्या स्थितीकडे पुन्हा या. राजा एच ८ वर, आपला घोडा एच ६ वर, चाल आपली. मात दिसत नाही म्हणून वजीर फेकू नका. घोडा एफ ७, पुन्हा एच ६, असे शह देत राहा; बरोबरी हातची आहे.